सर्वानुमते? इतिवृत्त वाचताना ठेवलेली रोजनिशी

सातारा, सोमवार, ९ जून २०२५

आजपासून पतसंस्थेची इतिवृत्ते वाचायला घेतली. मुख्य कार्यालय इथे साताऱ्यात, निम्म्या शाखा सांगली जिल्ह्यात. सर्वसाधारण सभेने २०२४-२५ साठी नवे लेखापरीक्षक नेमले आहेत. कराडचे सनदी लेखापाल. त्यांना या संस्थेचा काहीच पूर्वपरिचय नाही आणि कायद्याप्रमाणे वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, लेखापरीक्षण पुरे व्हायला हवे. त्यांनी सांगितले, "ताई, मला तीनच गोष्टी हव्यात. काय ठरलं, कोणाला किती अधिकार दिले आणि कोण नाही म्हणालं. तुमचं मत वेगळ्या रकान्यात."

बोलणे सोपे वाटले तरी काम मोठे आहे. संचालक मंडळाच्या मासिक सभा, कर्ज उपसमितीच्या सभा आणि वार्षिक सभा यांची प्रोसिडिंग बुके वेगवेगळी. काही वर्षे हाताने लिहिलेली, पुढची टाइप करून पानावर चिकटवलेली. चिकटवलेल्या कागदाला माझी हरकत नाही; पण संस्थेचा शिक्का निम्मा कागदावर आणि निम्मा वहीच्या पानावर असला पाहिजे, अध्यक्षांची सही दोन्हींवरून गेलेली असली पाहिजे. इथे २०२४ च्या मेपर्यंत तसे आहे. त्यापुढे शिक्का फक्त कागदावर आहे, म्हणजे कागद बदलला तरी वहीला कळणार नाही. वहीची पाने मोजून, अनुक्रमांक तपासून हे पहिल्याच पानावर लिहून ठेवले.

ठराव वाचण्याआधी हजेरी लिहून काढली. बहुतेक जण ठरावापासून सुरुवात करतात आणि सह्यांचे पान उलटून पुढे जातात. माझ्या मते ज्या दिवशी जो संचालक खोलीत नव्हता, त्याच्या नावावर त्या दिवसाचा ठराव चढवता येत नाही, म्हणून हजेरीचा तक्ता आधी. उभे संचालक, आडव्या तारखा. संचालकांची नावे सारांशात देणार नाही, क्रमांक देईन. नावांची यादी बंद पाकिटात लेखापरीक्षकांकडे.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. कार्यालयातल्या बायका दुपारी उशिरा आल्या, तोवर दप्तरखाना माझ्या एकटीचा होता. दुपारपर्यंत फक्त अधिकारांचे ठराव वेचले.

मुख्य ठराव १८ जुलै २०२३ चा, क्रमांक ६. कर्ज मंजुरीचे तीन टप्पे त्यात आहेत. पाच लाखांपर्यंत मुख्य कार्यकारी अधिकारी, पाच ते पंधरा लाख कर्ज उपसमिती, पंधरा लाखांवर संचालक मंडळ. शेवटी एक ओळ आहे, ती मी शब्दशः उतरवली: "उपसमितीने व मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मंजूर केलेली सर्व कर्जे पुढील मासिक सभेत अवलोकनार्थ ठेवावीत." चांगला ठराव आहे. अधिकार दिला आणि हिशेबही मागितला.

पण दोन जागा मोकळ्या सोडल्या आहेत. हा अधिकार कधीपर्यंत, ते लिहिलेले नाही. आणि पंधरा लाख म्हणजे एका कर्जाला, एका कर्जदाराला की एका कुटुंबाला, तेही नाही. ठराव लिहिताना या प्रश्नाला एक ओळ लागली असती. उद्या कळेल त्या एका ओळीची किंमत.

सारांशात अधिकाराची नोंद करताना मी पाच गोष्टी पाहते: दिला कोणी, दिला कोणाला, मर्यादा किती, मुदत कधीपर्यंत, आणि वापर झाल्यावर कळवायचे कोणाला. पाचांपैकी जी वहीत सापडत नाही तिथे "नमूद नाही" एवढेच लिहायचे. अंदाजाने भरायचे नाही. कार्यालयातले जुने लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, "मॅडम, ते कुटुंबालाच असतं, सगळ्यांना माहिती आहे." असेलही. ते वहीत नाही.

बुधवार, ११ जून

आज उपसमितीच्या वहीत ३ सप्टेंबर २०२४ ची सभा वाचली. उपस्थित चार. मंजूर कर्जे अकरा. त्यातली सलग तीन प्रत्येकी साडेचौदा लाखांची. तिन्ही कर्जदारांचे आडनाव एक, गाव एक (तासगाव बाजूचे), कारण एकच, बेदाणा शेडची उभारणी आणि खेळते भांडवल. वहीत तारणाचा रकाना नाही, म्हणून कर्जाच्या फाइली मागवल्या. तिन्ही फाइलींत सातबारा एकाच गटाचा आहे.

साडेचौदा त्रिक साडेत्रेचाळीस. उपसमितीचा अधिकार पंधराचा. प्रत्येक कर्ज स्वतंत्र धरले तर सगळे मर्यादेत. एकत्र धरले तर मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. रक्कम ५ सप्टेंबरला खात्यांवर जमा झाली.

मग मासिक सभेची वही. २८ सप्टेंबर २०२४, विषय क्रमांक ९: "कर्ज उपसमितीने मंजूर केलेल्या कर्जांच्या यादीस कार्योत्तर मंजुरी देणे." ठराव असा: "सोबतच्या यादीतील कर्जे अवलोकनी घेऊन त्यांस कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर." सूचक क्रमांक ३, अनुमोदक क्रमांक ८.

इथे थांबून नीट विचार केला. मंडळाला पंधरा लाखांवरच्या मंजुरीचा अधिकार आहे, त्यामुळे उपसमितीने मर्यादा ओलांडली असली तरी मंडळ ते नंतर पदरात घेऊ शकते. पण पदरात घेणाऱ्याला काय घेतो आहे ते कळले पाहिजे. म्हणून "सोबतची यादी" शोधली. ती वहीला जोडलेली नाही, सभेच्या नोटिशीच्या फाइलीत मिळाली. यादीत कर्जखाते क्रमांक, शाखा आणि रक्कम, इतकेच. नाव नाही, तारण नाही. या यादीवरून कोणत्याही संचालकाला तीन कर्जांचा एकमेकांशी संबंध कळू शकत नव्हता. माझ्या रकान्यात लिहिले: कार्योत्तर मंजुरी आहे, ती माहितीनिशी दिल्याचे वहीवरून दिसत नाही. पैसे मंजुरीच्या तेवीस दिवस आधी गेले.

गैरव्यवहार हा शब्द मी वापरला नाही. तो वापरायचा की नाही हे फाइली, वसुली आणि माणसे पाहून लेखापरीक्षक ठरवतील. नुकसान करणारी आर्थिक अनियमितता दिसली तर सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली निबंधकांकडे विशेष अहवाल देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणून माझ्या सारांशात विशेषणे नकोत, तारखा हव्यात.

शुक्रवार, १३ जून

परवा "सर्वानुमते" वाचून पान उलटले असते तर आजचा दिवस वाया गेला नसता, पण सारांश खोटा झाला असता.

२८ सप्टेंबरच्या इतिवृत्ताच्या शेवटी, अध्यक्षांच्या सहीच्या वर, बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. टाइप केलेल्या नाहीत, हाताच्या आहेत: "विषय क्र. ९ बाबत संचालिका क्र. १२ यांनी एकाच तारणावर तीन कर्जे दिल्याचे निदर्शनास आणून असहमती नोंदविली." शाई तीच, सहीचीच. म्हणजे सभेत कोणाला तरी गावावरून, ओळखीवरून माहिती होती आणि तिने ती बोलून दाखवली. ठराव मात्र "सर्वानुमते"च राहिला. एकाच सभेच्या एकाच कागदावर दोन परस्परविरोधी नोंदी.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ मध्ये समितीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे टाकली आहे. त्यालाच जोडून सुटकेची वाट दिली आहे. ज्या सदस्याला ठराव मान्य नाही त्याने आपले भिन्न मत मांडावे, ते सभेच्या कामकाजात नोंदले जावे, आणि मग त्या ठरावाबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याची इच्छा असेल तर ठरावाच्या तारखेपासून सात दिवसांत तो निबंधकांनाही लेखी कळवू शकतो. नोंद झाली तर संरक्षण आहे. नुसते खुर्चीवरून बोलून ते मिळत नाही. तटस्थ राहणे म्हणजेही असहमती नव्हे.

संचालिका क्र. १२ यांना फोन केला. जत तालुक्यातल्या शिक्षिका, निवृत्त. म्हणाल्या, "मी सही करायच्या आधी सचिवांना म्हटलं, माझं म्हणणं लिहा, मगच पेन हातात घेते. आणि मी ऑफिसला पत्र पण दिलंय." दुपारी त्यांनी पोचेचा फोटो पाठवला. सहायक निबंधक कार्यालयाचा आवक शिक्का, ४ ऑक्टोबर २०२४. सात दिवसांची मुदत ५ ऑक्टोबरला संपत होती. संस्थेच्या आवक नोंदवहीत या पत्राची प्रत ७ ऑक्टोबरला आली असल्याची नोंद आहे. पत्र मात्र कोणत्याही फाइलीत नाही. हे दोन्ही सारांशात गेले. त्या बाईंचा मला मनापासून आदर वाटला. आपल्याकडच्या मंडळांत गाव, नाते, पॅनेल सगळे एकाच टेबलाशी बसलेले असते. तिथे वही समोर ओढून "लिहा" म्हणणे सोपे नाही.

आता गैरहजरांचा प्रश्न. हजेरीच्या तक्त्यावरून २८ सप्टेंबरला क्रमांक ५ आणि क्रमांक १४ नव्हते. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की जो सदस्य सभेला हजर नव्हता आणि ज्याने नंतर त्या सभेचे कामकाज कायम केले नाही, त्यालाही जबाबदार धरता येणार नाही. "आणि" पुढचा भाग बहुतेक संचालकांना ठाऊकच नसतो. पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि तो चहा येईपर्यंत उरकलेला असतो.

म्हणून २६ ऑक्टोबर २०२४ ची सभा त्याला जोडून वाचली. क्रमांक ५ आणि १४ दोघेही हजर. विषय १, ठराव १: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून सर्वानुमते कायम करण्यात आले." क्रमांक ५ यांनी काहीच म्हटलेले नाही. क्रमांक १४ यांच्या नावापुढे मात्र नोंद आहे: "मागील सभेस अनुपस्थित असल्याने इतिवृत्त कायम करण्यात सहभाग नाही." दोघेही सप्टेंबरात घरीच होते, पण वहीप्रमाणे दोघांची जागा आता वेगळी आहे. उद्या कलम ८८ ची चौकशी लागली तर क्रमांक ५ यांना "मी नव्हतोच" एवढे सांगून भागेल असे मला वाटत नाही.

लेखापरीक्षकांसाठी या ठरावाखाली तीन ओळी लिहिल्या. असहमती: क्र. १२, इतिवृत्तात नोंद आहे, निबंधकांना मुदतीत कळवले. अनुपस्थित व नंतर कायम केले: क्र. ५. अनुपस्थित व कायम केले नाही: क्र. १४.

सांगली, सोमवार, १६ जून

सकाळच्या एसटीने सांगली. यंदा पाऊस मे महिन्यातच आल्याने कृष्णेला आताच चांगले पाणी आहे. विभागीय कार्यालयात बसून ठरावांच्या नकला तपासल्या.

इतिवृत्ताची वही संस्थेत राहते. बाहेर जाते ती ठरावाची नक्कल. बँक, निबंधक, न्यायालय सगळे नकलेवर चालतात. त्यामुळे वही आणि नक्कल शब्दाला शब्द लावून पाहिल्याशिवाय अधिकारांचा सारांश पुरा होत नाही. इथे एका बँकेतल्या चालू खात्याची फाइल मागवली. वहीत, २२ जून २०२४, ठराव ४: अध्यक्ष, सचिव व मुख्य कार्यकारी अधिकारी "यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने" खाते चालवावे. बँकेला दिलेल्या नकलेत: "यांपैकी कोणाच्याही सहीने." "दोघांच्या संयुक्त" हे शब्द गेलेले. नकलेवर "खरी प्रत" असा शिक्का आणि सचिवांची सही.

चूक टायपिंगची असेल. तरी मंडळाने एकट्याला न दिलेला अधिकार वर्षभर बँकेत एकट्याकडे होता. शाखाधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, आम्ही चेक दोन सह्यांनीच काढतो." गेल्या वर्षातले धनादेश काढून पाहणे हे आता लेखापरीक्षकांचे काम; मी फक्त दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवले.

दुपारी राजवाडा चौकातून गेले. सांगली बँक १९१६ सालची. तिचे आयसीआयसीआय बँकेत विलीनीकरण १९ एप्रिल २००७ पासून अमलात आले. सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १००. ते बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४४ अ खालचे विलीनीकरण होते, म्हणजे भागधारकांच्या सभेत दोन तृतीयांश मूल्याच्या बहुमताने मंजूर व्हावे लागणारे. त्या कलमात असहमतीला पैशांतही किंमत आहे. ज्या भागधारकाने सभेत विरोधात मत दिले, किंवा सभेपूर्वी वा सभेत लेखी कळवले, त्याला शेअरऐवजी रिझर्व्ह बँक ठरवेल ते मूल्य मागता येते. गप्प बसलेल्याला ते मागता येत नाही.

साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या भागधारकांना ही वाटच मिळाली नाही. २ सप्टेंबर २००६ ला व्यवहारांवर स्थगिती आली आणि ३ ऑक्टोबरपासून बँक आयडीबीआयमध्ये गेली, शेअरमागे २८ रुपये देऊन. ते कलम ४५ खालचे, सरकारने मंजूर केलेले विलीनीकरण; त्यात भागधारकांचे मतदान नाही, त्यामुळे नोंदवायला असहमतीही नाही. शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या दोन जुन्या बँका सात महिन्यांच्या आत गेल्या. एकीच्या कागदांत "विरोधात" हा रकाना होता, दुसरीच्या कागदांत नव्हता. असहमतीचा रकाना रिकामा दिसला की तो का रिकामा आहे हे विचारायची सवय मला या दोन बँकांनी लावली.

मंगळवार, १७ जून

मुख्य ठरावाच्या आधीचा एक अधिकार सतत समोर येतो: "अध्यक्षांना पूर्वी दिलेल्या तातडीच्या खर्चाच्या अधिकारानुसार." पूर्वी म्हणजे कधी? विभागीय कार्यालय तेव्हा गावभागात होते आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तिथली जुनी वही गेली. पंचनाम्यात तिचा उल्लेख आहे, एवढे बरे. वही नसली तरी ठरावाच्या खुणा दुसरीकडे उरतात. जुना लेखापरीक्षण अहवाल, शाखांना पाठवलेले परिपत्रक, दोषदुरुस्ती अहवाल. परिपत्रकात मर्यादा मिळाली, पन्नास हजार. वर्षभरातले तातडीचे खर्च त्याच्या आत आहेत. "मूळ ठराव उपलब्ध नाही, मर्यादा परिपत्रकावरून" असे लिहिले आणि नवा ठराव करून घ्यावा ही सूचना माझ्या रकान्यात.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. जानेवारी २०२५ चे इतिवृत्त वहीत नाही. डिसेंबरनंतर थेट फेब्रुवारी. जावक वहीत २५ जानेवारीच्या सभेची नोटीस आहे आणि त्या तारखेची बैठक भत्त्याची व्हाउचरे आहेत, नऊ सह्यांची. सभा झाली नसेल तर भत्ता कसला, आणि झाली असेल तर ठरले काय? फेब्रुवारीत "मागील सभेचे इतिवृत्त" कायम केले आहे, तारीख न लिहिता.

सातारा, शुक्रवार, २० जून

वर्ष ३१ मार्चला संपले म्हणून वही तिथे मिटायची नसते. लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही होईपर्यंतच्या सभा वाचाव्या लागतात, कारण नंतरच्या ठरावात आधीची स्थिती उघड होते. २६ एप्रिल २०२५, विषय ७: त्याच तीन बेदाणा कर्जांना हप्त्यांची मुदतवाढ. ठरावाच्या प्रस्तावनेत लिहून गेले आहेत, "डिसेंबर २०२४ पासून हप्ते न आल्याने." म्हणजे ३१ मार्चला ही कर्जे थकीतच होती, एप्रिलच्या मुदतवाढीने मार्चचा ताळेबंद सुधारत नाही. किती तरतूद करायची ते लेखापरीक्षक पाहतील. या ठरावालाही संचालिका क्र. १२ यांची असहमती आहे, या वेळी टाइप केलेली, ठरावाच्या खालीच. आणि शेवटी "सर्वानुमते" नाही, "बहुमताने" आहे.

संध्याकाळी पोवई नाक्यावर लेखापरीक्षक भेटले, सारांश दिला. त्यांनी सगळे चाळून पहिला प्रश्न जानेवारीचा विचारला आणि दुसरा सप्टेंबरच्या यादीचा. ती यादी सोमवारी लेखी मागणार आहेत, तारणाच्या रकान्यासह. सर्व इतिवृत्ते दाखवली आहेत असे मंडळाकडून लेखी घेणार आहेत. जानेवारीचा खुलासा होईपर्यंत ते पत्र ते स्वीकारणार नाहीत.

सारांशाच्या पहिल्या पानावर मी एकच निष्कर्ष ठेवला आहे, बाकी सगळे तक्त्यात. २८ सप्टेंबर २०२४ चा विषय क्रमांक ९ वरचा ठराव सर्वानुमते मंजूर झालेला नाही. तो एका असहमतीसह आणि दोन संचालकांच्या अनुपस्थितीत मंजूर झाला आहे.